बाळ झाल्यापासून झोप नाही, आणि गाडी तर चालवायचीच आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. नव्याने आई-बाबा झालेले सहकारी, त्यांचे जोडीदार आणि आता त्यांच्या ओळखीचेही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे येऊन गेला असेल, तर तिथे बोट दाखवलं आहे.

मायक्रोस्लीप म्हणजे डुलकीच ना? त्यात एवढं काय?

डुलकी लागली की निदान आपल्याला नंतर कळतं. मायक्रोस्लीप म्हणजे एका सेकंदापासून साधारण पंधरा सेकंदांपर्यंतची झोप, आणि ती आली-गेली हे बहुतेक वेळा कळतच नाही. डोळे अर्धवट उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो. फक्त मेंदूचा जो भाग समोरचं बघून त्याचा अर्थ लावतो, तो तेवढ्यापुरता बंद पडलेला असतो.

ताशी ८० च्या वेगाने गाडी चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर जाते. तेवढ्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, तर तुम्ही ब्रेकला पायही लावत नाही. म्हणून झोपेमुळे झालेल्या अपघातात रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा बऱ्याचदा सापडत नाहीत.

मला झोप येतेय हे मला कळेलच की. कळलं की थांबेन.

हा भरवसा सगळ्यात महागात पडतो. एक रात्र जागलात तर दुसऱ्या दिवशी अंग आंबतं, डोळे चुरचुरतात, तेव्हा कळतं. रोजचीच अपुरी झोप आठवडेच्या आठवडे चालली की तसं होत नाही.

अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा रात्री सहा-सहा तासच झोपू दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला आली. पण ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. क्षमता खाली जात होती आणि त्यांना मात्र सवय झाल्यासारखं वाटत होतं.

‘आता सवय झाली’ हे वाक्य बाळाच्या दुसऱ्या महिन्यात प्रत्येक घरात ऐकू येतं. म्हणून गाडी काढायची की नाही हे अंगाला विचारून ठरवू नका, रात्रीचे तास मोजून ठरवा. ते कसे मोजायचे, हे ‘किती झोप झाली असली तर गाडी काढायची नाही’ या प्रश्नात आहे.

मग येऊन गेली हे ओळखायचं कसं?

झोप दिसत नाही, तिच्या मागे राहिलेल्या खुणा दिसतात. सगळ्यात पक्की खूण म्हणजे मधला तुकडा न आठवणं. पुणे रोडने सिन्नरकडे जाताना नाशिक रोड आठवतं, मग एकदम मोहदरी घाटाचं वळण समोर येतं, मधला शिंदे टोलनाका कधी गेला ते सांगता येत नाही. रोजच्या रस्त्यावर विचारात हरवूनही असं होतं हे खरं. फरक असा की विचारात असलात तर काय विचार करत होतात ते आठवतं. तेही आठवत नसेल, तर ती झोप होती असंच धरा.

दुसरी खूण वेगाची. काटा ६० वरून नकळत ४५ वर येतो आणि तुम्ही दचकून पुन्हा वाढवता. तिसरी, गाडी हळूच पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि तुम्ही गरजेपेक्षा जोरात स्टिअरिंग ओढता. हा झटका लक्षात ठेवा, कारण जागा माणूस गाडी बारीक-बारीक सावरत असतो. मोठा झटका मेंदू नुकताच परत आल्यावर बसतो. सिग्नल हिरवा होऊन मागचा हॉर्न वाजवेपर्यंत न हलणं हीसुद्धा खूणच, फक्त तिथे नशिबाने गाडी उभी असते.

मान खाली जाऊन झटक्याने वर येणं ही खूण सगळ्यांना माहीत आहे, पण ती उशिरा येते. मान पडली म्हणजे त्याआधी तुमच्या नकळत दोन-चार येऊन गेल्या असण्याची शक्यता बरीच.

शेजारी बसलेल्याने पापण्या बघाव्यात. पापणी लवणं एरवी दिसतही नाही. ती सावकाश मिटून सावकाश उघडताना दिसली, किंवा बोलता बोलता वाक्य मध्येच विरलं, तर ‘झोप येतेय का?’ असं विचारत बसू नका. उत्तर ‘नाही’च येणार. सरळ गाडी थांबवायला सांगा.

तुकड्यातुकड्यांत का होईना, सात तास होतात. मग चालतं ना?

सात तास अंथरुणात आणि सात तास झोप, यात फरक आहे. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं. बाळ दर दोन तासांनी उठवत असेल तर बरीच चक्रं अर्धवट तुटतात, आणि प्रत्येक वेळी पुन्हा झोप लागेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं आपण झोपेतच मोजतो.

म्हणून दोन आकडे लिहा: गेल्या चोवीस तासांत प्रत्यक्ष झोप किती, आणि त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा केवढा. दुसरा आकडा लोक विचारातच घेत नाहीत. माझ्या मते तोच आधी बघावा, कारण घरातल्या घरात तोच लवकर सुधारता येतो.

किती झोप झाली असली तर गाडी काढायची नाही?

मी सांगतो ती रेघ अशी: गेल्या चोवीस तासांत पाच तासांपेक्षा कमी झोप, तर स्वतः चालवायचं नाही. ही रेघ मनाची नाही. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनने २०१६ मध्ये तिथल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चार ते पाच तास झोपलेल्या चालकांचं अपघाताचं प्रमाण सात तास झोपलेल्यांच्या चौपटीहून जास्त निघालं. चार तासांच्या खाली ते आणखी खूप वर गेलं.

पाच ते सहा तासांच्या मधल्या पट्ट्यात सलग तुकडा तीन तासांपेक्षा मोठा असेल, रस्ता छोटा आणि शहरातला असेल आणि वेळ वाईट नसेल, तर जा. हा मधला पट्टा मात्र माझ्या अनुभवातला अंदाज आहे, कोणी प्रयोगाने आखून दिलेला नाही. वाईट वेळा कोणत्या, ते पुढच्याच प्रश्नात.

सकाळी जाताना काही होत नाही, परत येतानाच झापड येते. जेवणामुळे का?

डब्याला दोष देऊ नका. शरीराचं स्वतःचं घड्याळ दिवसातून दोनदा झोपेकडे ओढतं: पहाटे साधारण दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. दुपारची ओढ उपाशी राहिलात तरी येते, जड जेवणाने फक्त वाढते. पहिली पाळी तीनला सुटते, म्हणजे बरोबर त्या खड्ड्यात. तिसऱ्या पाळीचे लोक सकाळी सातला निघतात तेव्हा पहाटेचा खड्डा नुकताच ओलांडलेला असतो आणि वर रात्रभराचं जागरण असतं. एरवी ज्याला काही होत नाही, त्यालाही अपुऱ्या झोपेवर या दोन वेळा गाठतात.

प्रत्यक्षात कसं बसवायचं? आमच्यासारख्या घराचं उदाहरण द्या.

घर पाथर्डी फाट्याला, नोकरी सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत, पाळी सात ते तीन. बाळ सात आठवड्यांचं. बाबा सहाला कार काढतात आणि वडनेर, विहितगावमार्गे पुणे रोडला लागतात. एका बाजूला तीसेक किलोमीटर.

त्यांची रात्र अशी जायची. पावणेअकराला झोप लागली, एक पन्नासला बाळ रडलं. पावणेतीनला पुन्हा झोप, चार वीसला पुन्हा रडणं, त्यानंतर झोप नाहीच. हिशेब केला तर तीन तास पाच मिनिटं अधिक एक तास पस्तीस मिनिटं, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. बाबांच्या मते मात्र ‘साडेदहापासून साडेचारपर्यंत सहा तास झोपलो’. ते रेघेच्या खाली आहेत, आणि दुपारी सव्वातीनला घाट उतरून सपाट रस्त्याला लागतात तेव्हा त्यांना जागून अकरा तास झालेले असतात. घाटात माणूस सावध असतो. मला भीती त्यानंतरच्या सरळ पट्ट्याची वाटते.

बदल असा केला. दोघांनीही प्रत्येक रडण्याला उठायचं बंद केलं. बाबा साडेनऊला आतल्या खोलीत, दार लावून. दोन वाजेपर्यंत बाळ आई आणि आजीकडे. दोनला बाबा उठतात आणि आई त्या खोलीत जाते. दोनचं दूध आईने आधी काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. बाबा ते कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम करतात आणि वाटी-चमच्याने पाजतात. तीनला बाळ निजलं की तेही त्याच्याजवळच्या पलंगावर पाचपर्यंत पडतात.

बाबांची झोप सव्वासहा तासांच्या आसपास गेली आणि त्यात सव्वाचार तासांचा सलग तुकडा आला. आईलाही दोन ते साडेपाच असा सलग तुकडा मिळाला. तो तिला आधी एकदाही मिळत नव्हता, आणि दुपारी लसीकरणाला स्कूटर तीच काढते.

परतीच्या प्रवासासाठी त्यांनी कारखान्याच्या आवारातच सावलीत गाडी लावून वीस मिनिटं झोपायचं ठरवलं. ते कसं करायचं, हे कॉफीच्या प्रश्नात. ज्या रात्री योजना फसते आणि हिशेब पाचच्या खाली येतो, त्या दिवशी कंपनीची बस.

चहा घेतला, काच खाली केली, गाणी मोठ्याने लावली, तरी उपयोग होत नाही. मग काय करायचं?

गार वारा आणि मोठा आवाज यांचा असर काही मिनिटांचा. तोंडावर पाणी मारणं, मिरची चावणं, कानाची पाळी ओढणं हे त्याच जातीचं. त्यामुळे झोप जात नाही, फक्त पुढे चालवायचं धाडस येतं.

उपयोग होतो तो कॉफी आणि छोट्या झोपेचा, तेही या क्रमाने. आधी कॉफी प्यायची, मग लगेच झोपायचं. कॅफिनचा असर व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात झोप उरकते. दोन चमचे इन्स्टंट कॉफी कपभर दुधात, शक्यतो चिकोरी न मिसळलेली. टपरीवरच्या कटिंगमध्ये कॅफिन यापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे तो इथे पुरत नाही. सीट मागे करायची, गजर वीस मिनिटांचा. गाढ झोप लागली नाही, नुसती गुंगी आली, तरी फायदा होतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं गाडीबाहेर चालायचं आणि मगच किल्ली फिरवायची.

याने साधारण तासभराची सोय होते. सिन्नर ते पाथर्डी फाटा त्यात बसतं, नाशिक ते मुंबई बसत नाही. आणि चार-पाचनंतर कॉफी घेतलीत तर रात्री साडेनऊला झोप लागणार नाही, म्हणजे मूळ योजनाच बिघडते. अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाला दोन कप कॉफीच्या वर जाऊ नये, आणि ती बाळाला पाजून झाल्यावर घ्यावी.

चालवता चालवता आत्ताच झापड आली. या क्षणी काय करू?

एक खूण दिसली की प्रवास तिथेच थांबवायचा, ‘पुढच्या चौकात बघू’ नाही. मात्र उड्डाणपुलावर किंवा महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून झोपू नका. मागून येणारा ट्रकवालाही तुमच्याइतकाच दमलेला असू शकतो. द्वारकेच्या उड्डाणपुलावर असाल तर वेग कमी करा, डाव्या बाजूला या, पुलावरून खाली उतरा आणि पहिला पेट्रोलपंप किंवा हॉटेलचं आवार गाठा. शेजारी कोणी असेल तर थांबेपर्यंत त्याने बोलत राहावं, तुम्ही उत्तरं द्यावीत. बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपू नका. पुढचं वर सांगितलं तसं.

दुचाकीवर झोप लागूच शकत नाही ना? पडेल की माणूस.

लागते, आणि पडतोही. दोन सेकंदांच्या झोपेत गाडी सरळ चालत राहते, तोल वेगामुळे सांभाळला जातो. त्यामुळे छोट्या झोपा दुचाकीवर पचून जातात आणि लोकांचा हा समज पक्का होतो. खुणा थोड्या वेगळ्या: थ्रॉटलवरची पकड सैल होऊन वेग पडतो, गतिरोधक न दिसता अंगावर येतो, हेल्मेटचं वजन अचानक जाणवतं. सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर गर्दी आणि खड्डे माणसाला जागं ठेवतात हे खरं, पण पाथर्डी फाट्यापुढे रस्ता मोकळा झाला की ती मदत संपते. दुचाकीवाल्याला सीट मागे करता येत नाही, म्हणून निघायच्या आधीच कारखान्याच्या विश्रांतिकक्षात वीस मिनिटं काढायची.

मी चालवतो, मागे बायको बाळाला घेऊन बसते. झोपलेली तीच असते, मग धोका कसला?

धोका तिलाच आणि बाळाला. झोप लागली की सगळ्यात आधी हातांची पकड सुटते. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि वेग ताशी ४० च्या आत, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये आला. नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेटही. पण मान न धरणाऱ्या बाळासाठी पट्टा असूनही मी दुचाकी सुचवणार नाही. रिक्षा करा. रात्रभर जागलेल्या बाळंतिणीला मागे बसवून नेताना ‘ती नुसती बसलीय’ असं समजू नका, जागं राहायचं काम तिलाही तेवढंच आहे.

मी रोज नाशिक रोडहून पंचवटीने मुंबईला जातो. गाडीत झोपतो, मग प्रश्नच मिटला ना?

रेल्वेतला मिटला, स्टेशन ते घर हा उरला. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच चालू होत नाही; पंधरा ते तीस मिनिटं तो मागेच असतो. देवळालीला जाग आली, नाशिक रोडला उतरलात आणि पार्किंगमधून दुचाकी काढून थेट जेल रोडला लागलात, तर तुम्ही त्याच वेळेत चालवताय. गजर असा लावा की गाडी पोहोचायच्या अर्धा तास आधी जाग येईल, घोटीच्या आसपास. तसं जमत नसेल तर सिटीलिंकची बस किंवा रिक्षा. कंपनीच्या बसमधून उतरून स्टॉपवरची स्कूटर काढणाऱ्यांनाही हेच लागू.

समृद्धीने बाळाला घेऊन माहेरी जायचंय. रस्ता चांगला आहे, दोन-तीन तासांत पोहोचू.

चांगला आहे म्हणूनच. वळण नाही, सिग्नल नाही, मध्ये कोणी येत नाही; थकलेल्या मेंदूला जागं ठेवणारं तिथे काहीच नसतं, आणि वेग शंभरच्या वर. बाळ झोपेल म्हणून पहाटे चारला निघायची पद्धत सोडा, ती वेळ वर सांगितलेल्या खड्ड्यातली आहे. सकाळी आठ-नऊला निघा आणि दर तासाला चालक बदला. दुसरा चालक नसेल आणि आदल्या रात्रीचा हिशेब पाचच्या खाली असेल, तर चालक भाड्याने घ्या किंवा रेल्वे.

वरिष्ठांना काय सांगू? ‘झोप झाली नाही’ म्हटलं तर हसतात.

थकवा सांगू नका, आकडे आणि मागणी सांगा. ‘गेल्या आठवड्यात चार दिवस माझी झोप पाच तासांखाली होती, मी तीस किलोमीटर गाडी चालवतो, सहा आठवडे कंपनीची बस किंवा जनरल पाळी द्या.’ मुदत दिली की मान्य करणं त्यांनाही सोपं जातं. कामावर रुजू झालेल्या आईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विराम कायद्याने मिळतात. त्यातला दुपारचा विराम निघायच्या वेळेला जोडून मिळतो का, ते विचारा. बाबांसाठी खासगी नोकरीत असं काही नाही, तिथे विनंतीवरच भागवावं लागतं.

आता बाळ रात्रभर झोपतं, आम्हीही सात तास झोपतो, तरी गाडीत झापड येतेच. का?

एक-दोन आठवडे तसं होऊ शकतं; साचलेली तूट दोन रात्रींत भरत नाही. त्यापुढेही चालू राहिलं तर कारण बाळ नाही, दुसरं काही आहे. बाळंतपणानंतर आईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाबा जोरात घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्यात आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्याही बघा: सेटिरिझिन आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही गुंगी राहू शकते.

उलटा प्रकारही असतो. बाळ झोपलंय, घर शांत आहे, संधी आहे, तरी आईला झोप लागत नाही, धडधड होते, रडू येतं. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर तो नुसता थकवा समजू नका, डॉक्टरांना सांगा. प्रसूतीनंतरचं नैराश्य असंही सुरू होतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि तोवर तिने गाडी चालवायची नाही, कारण तिची झोप पाच तासांच्या रेघेखालीच असते, मग बाळ कितीही शहाण्यासारखं झोपो.